संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा मास स्पेक्ट्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना जीसी-एमएस शिकवताना जे प्रश्न दरवर्षी येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळे प्रश्न एकाच रेणूभोवती ठेवले आहेत, कारण दहा रेणू वरवर पाहण्यापेक्षा एक नीट उलगडला की पुढचे आपोआप वाचता येतात.

उदाहरण म्हणून लिमोनीनच का घेतलं?

कारण तो आपल्या हाताशी आहे. आंबिया बहार असो की मृग बहार, कळमन्याच्या बाजारात संत्री आली की सालींचा तोटा नसतो. सालीच्या बाहेरच्या केशरी थरात बारीक तैलग्रंथी असतात आणि त्यांतल्या तेलाचा सर्वात मोठा वाटा लिमोनीनचा असतो. त्याचं सूत्र C₁₀H₁₆. एक सहा कार्बनांचं कडं, त्यात एक दुहेरी बंध, त्या दुहेरी बंधावर एक मिथाइल गट, आणि कड्याच्या समोरच्या कार्बनवर तीन कार्बनांची एक छोटी शाखा, जिच्यात दुसरा दुहेरी बंध आहे. कागदावर हा रेणू काढून समोर ठेवा. पुढचं सगळं त्या चित्राकडे बघत वाचायचं आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. लिमोनीनच्या स्पेक्ट्रममध्ये सर्वात उंच पीक रेणूच्या वस्तुमानावर नाही, तर बरोबर त्याच्या निम्म्यावर उभं असतं. हे का होतं ते एकदा कळलं की मास स्पेक्ट्रम म्हणजे काय, हेच कळतं.

नमुना कसा तयार करायचा?

सालीचा फक्त केशरी भाग किसून घ्या. आतला पांढरा भाग नको, त्यात तेल नसतं आणि ऊर्ध्वपातनात तो फेस करतो. क्लेव्हेंजर उपकरणात पाण्याबरोबर दोन-तीन तास उकळा. वर तरंगणारं तेल वेगळं करून निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा. मग १ मायक्रोलिटर तेल १ मिलिलिटर हेक्झेनमध्ये मिसळा. यातलं १ मायक्रोलिटर १:५० स्प्लिटने टोचलं तर कॉलमवर साधारण १७ नॅनोग्रॅम तेल पोचतं, आणि स्पेक्ट्रमसाठी ते भरपूर आहे. "थोडं जास्तच टाकू, पीक मोठं येईल" हा मोह टाळा. त्याची किंमत काय ते पुढे येईलच.

कॉलम नेहमीचा: ३० मीटर लांब, ०.२५ मिलिमीटर आतला व्यास, ५ टक्के फिनाइलचा. स्कॅन ३५ ते ३५० पर्यंत. हेक्झेन निघून जाईपर्यंत फिलामेंट बंद ठेवा, म्हणजे ती द्रावकाच्या लोंढ्यात जळणार नाही.

यंत्राच्या आत रेणूचं नेमकं काय होतं?

कॉलममधून निघालेली वाफ निर्वात पोकळीत जाते. तिथे तापलेल्या फिलामेंटमधून निघालेले इलेक्ट्रॉन ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने धावत असतात. त्यांतला एखादा लिमोनीनच्या जवळून गेला की रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो. राहतो तो धन प्रभाराचा आणि एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला संपूर्ण रेणू. यालाच मॉलिक्युलर आयन म्हणतात.

लिमोनीनमधून एक इलेक्ट्रॉन काढायला आठ-साडेआठ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. येणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे ७० असतात. ते सगळे काही रेणूला मिळत नाहीत, पण गरजेपेक्षा काही व्होल्ट जास्त मिळतात, आणि कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीन-चार पुरतात. शिवाय इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूत बरेच बंध आधीच सैल झालेले असतात. म्हणून काही आयन तसेच टिकतात आणि बाकीचे तुटतात.

पुढे चतुर्ध्रुवी गाळणी या आयनांना m/z प्रमाणे, म्हणजे वस्तुमान भागिले प्रभार याप्रमाणे, वेगळं करते आणि शोधक मोजतो. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: यंत्राला फक्त प्रभार असलेले तुकडे दिसतात. रेणू दोन तुकड्यांत फुटला आणि प्रभार एकावर राहिला, तर दुसरा तुकडा पंपातून बाहेर जातो आणि स्पेक्ट्रममध्ये कुठेच येत नाही. तो काय होता हे वजाबाकी करून ओळखायचं असतं. मास स्पेक्ट्रम वाचणं म्हणजे बऱ्याच अंशी न दिसणाऱ्या तुकड्यांचा हिशेब लावणं.

१३६ चं पीक मॉलिक्युलर आयनचं, हे कशावरून?

आधी गणित. दहा कार्बन म्हणजे १२०, सोळा हायड्रोजन म्हणजे १६, एकूण १३६. बाटलीवर मात्र १३६.२३ लिहिलेलं असतं आणि इथे बरेच जण अडखळतात. बाटलीवरचा आकडा सरासरी आहे. निसर्गातल्या कार्बनचे शंभरात साधारण १.१ अणू कार्बन-१३ चे असतात, ते धरून काढलेली ती सरासरी. यंत्र सरासरी मोजत नाही, ते एकेक आयन वेगळा काढतं. ज्यात सगळे कार्बन १२ चे आहेत तो आयन १३६.१२५ वर येतो, म्हणून पडद्यावर १३६.१ दिसतं. तराजूवर वजन करून द्रावण बनवायचं असेल तेव्हा १३६.२३ वापरा, स्पेक्ट्रम वाचताना १३६.

कार्बन-१३ असलेले रेणू १३७ वर दिसतात. दहा कार्बनांपैकी कुठलाही एक जड असू शकतो, म्हणून १३७ चं पीक १३६ च्या सुमारे ११ टक्के उंचीचं असायला हवं. ही तपासणी फुकटात होते आणि फार उपयोगी आहे. १३६ ची उंची २० असेल तर १३७ ची दोनाच्या थोडी वर हवी. ती पाच किंवा सहा आली, तर तिथे काहीतरी वेगळं मिसळलंय किंवा नमुना फार जास्त झालाय.

मग पहिलं तुटणं बघा. १३६ च्या खाली लगेच १२१ आहे, म्हणजे १५ चा फरक, म्हणजे मिथाइल गेला. हे रसायनशास्त्राला धरून आहे. सगळ्यात वरच्या पिकापासून खालच्या मोठ्या पिकापर्यंतचा फरक ५ ते १३ मध्ये आला तर समजावं की वरचं पीक मॉलिक्युलर आयन नाही, किंवा दोन संयुगं मिसळली आहेत. एका साध्या सेंद्रिय रेणूतून ९ किंवा १२ वस्तुमानाचं काही सहज तुटून पडत नाही.

मग सर्वात उंच पीक ६८ वर का? उंच पीक म्हणजे रेणूचं वस्तुमान नव्हे का?

नव्हे. सर्वात उंच पिकाला बेस पीक म्हणतात. सॉफ्टवेअर त्याची उंची १०० धरतं आणि बाकीची पिकं त्या प्रमाणात काढतं. बेस पीक एवढंच सांगतं की त्या परिस्थितीत शोधकापर्यंत सर्वात जास्त संख्येने पोचलेला आयन कोणता. तो जास्त पोचला, कारण तो सहज तयार होतो आणि तयार झाल्यावर फारसा पुढे तुटत नाही. रेणू किती जड आहे हे तो सांगत नाही, रेणू कुठे तुटायला तयार आहे हे सांगतो.

आता लिमोनीनच्या चित्राकडे या. कड्यातले कार्बन असे मोजा: मिथाइल असलेला क्रमांक १, दुहेरी बंध १ आणि २ मध्ये, शाखा क्रमांक ४ वर. इलेक्ट्रॉन उडाल्यावर ३ आणि ४ मधला बंध सर्वात आधी सुटतो. त्याच्या एका बाजूला कड्यातला दुहेरी बंध आहे आणि दुसऱ्या बाजूला शाखेतला. बंध सुटल्यावर दोन्ही टोकांना शेजारच्या दुहेरी बंधाचा आधार मिळतो, प्रभार आणि सुटा इलेक्ट्रॉन पसरून राहतात, म्हणून हे तुटणं स्वस्तात होतं. लगेच ५ आणि ६ मधला बंधही सुटतो. आता मोजा. एका तुकड्यात ६, १, २, ३ हे कार्बन आणि मिथाइल, म्हणजे पाच कार्बन. दुसऱ्यात ४, ५ आणि शाखेचे तीन, म्हणजे पुन्हा पाच. दोन्हीचं सूत्र C₅H₈. दोन्ही आयसोप्रीन. वस्तुमान ६८.

रेणू बरोबर मधोमध फुटला आणि दोन सारखेच भाग झाले. प्रभार कोणत्याही भागावर राहिला तरी पीक ६८ वरच येणार. बाकीच्या बहुतेक रेणूंत असं तुटताना प्रभार दोन वेगवेगळ्या तुकड्यांत वाटला जातो आणि दोन मध्यम पिकं येतात. इथे दोन्ही वाटे एकाच ठिकाणी जमा होतात, आणि ६८ च्या एवढ्या उंचीमागे याचाही हात आहे.

या तुटण्याला रेट्रो-डील्स-आल्डर म्हणतात. डाइन आणि अल्कीन जुळून सहा कार्बनांचं कडं बनतं ती डील्स-आल्डर क्रिया, आणि हा तिचा उलटा प्रवास. हे केवळ कागदावरचं नाही: लिमोनीनची वाफ तापलेल्या तारेवरून नेली की खरोखर आयसोप्रीन मिळतं, आणि प्रयोगशाळेत आयसोप्रीन बनवायला ही रीत वापरली गेली आहे. यंत्रात उष्णतेऐवजी इलेक्ट्रॉनचा धक्का असतो आणि एका तुकड्यावर प्रभार असतो, एवढाच फरक.

६८ हा आकडा सम आहे, याकडेही बघा. नायट्रोजन नसलेल्या रेणूतून साधा एक बंध तुटून मूलक बाहेर पडला, तर उरलेला आयन विषम आकड्यावर येतो: १२१, १०७, ९३, ७९. सम आकड्यावर मोठं पीक आलं की समजायचं, इथे मूलक गेला नाही, एक आख्खा स्थिर रेणू गेला. पाणी, इथिलीन किंवा इथल्यासारखं आयसोप्रीन. स्पेक्ट्रम हातात आल्यावर मी विद्यार्थ्यांना सर्वात आधी मोठी सम पिकं शोधायला सांगते. कड्याची रचना, पाण्याचा निरोप, हायड्रोजनची अदलाबदल, या सगळ्यांचा पत्ता तिथे लागतो.

६८ म्हणजे १३६ चं निम्मं. मग तो दोन प्रभारांचा मॉलिक्युलर आयन तर नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारणाऱ्याने m/z मधला z लक्षात ठेवलेला असतो. १३६ वस्तुमान आणि दोन प्रभार असतील तर पीक ६८ वरच येईल, हे खरं.

पण मग कार्बन-१३ चा रेणू कुठे येईल? १३७ भागिले २, म्हणजे ६८.५ वर, आणि त्याची उंची ६८ च्या ११ टक्के असेल. स्कॅनची प्रोफाइल पद्धत लावून ६७ ते ७० एवढाच भाग मोठा करून बघा. ६८.५ वर वेगळं टोक येत नाही. येतं ते ६९ वर, पाच कार्बनांच्या एकप्रभारी आयनाला शोभेल असं. लिमोनीनसारख्या लहान, आधार नसलेल्या रेणूत दोन प्रभार शेजारी-शेजारी टिकणं कठीण असतं. दुहेरी प्रभार जास्त करून मोठ्या, अनेक सुगंधी कडी जोडलेल्या रेणूंत दिसतो.

९३, १०७ आणि १२१ कुठून येतात?

१३६ मधून १५ गेले की १२१, २९ गेले की १०७, ४३ गेले की ९३. पुस्तकातला तक्ता उघडला तर १५ म्हणजे मिथाइल, २९ म्हणजे इथाइल, ४३ म्हणजे प्रोपाइल असं लिहिलेलं सापडतं. पण लिमोनीनमध्ये इथाइल गट आहे का? नाही. प्रोपाइल? तोही नाही. शाखेत तीन कार्बन आहेत, पण त्यात दुहेरी बंध असल्यामुळे तिचं वस्तुमान ४१. ती थेट तुटली असती तर ९५ वर मोठं पीक यायला हवं होतं. ९५ वर पीक आहे, पण ते ९३ च्या मानाने लहान आहे.

याचा अर्थ असा की तुटण्याआधी रेणू आत बदलतो. हायड्रोजन एका कार्बनवरून दुसऱ्यावर सरकतात, दुहेरी बंध जागा बदलतात, कडं उघडतं, आणि मग C₃H₇ बाहेर पडून C₇H₉ चा आयन उरतो. हा आयन फार टिकाऊ असतो. त्यामुळे दहा कार्बनांच्या बहुतेक टर्पीनांत ९३ ठळक दिसतो, मूळ रचना काहीही असो. त्यातून हायड्रोजनची जोडी गेली की ९१.

म्हणून तक्ता पाहून "२९ गेला, म्हणजे रेणूत इथाइल आहे" असं लिहू नका. किती वस्तुमान गेलं हे स्पेक्ट्रम ठामपणे सांगतो. तो गट मुळात तिथे होता की वाटेत तयार झाला, हे तो सांगत नाही.

उजवीकडचं शेवटचं पीक म्हणजे मॉलिक्युलर आयन, हे धरून चालेल का?

इथेच सर्वात जास्त माणसं फसतात, आणि फसवणारं संयुग त्याच संत्र्याच्या तेलात असतं. त्याचं नाव लिनालूल, सूत्र C₁₀H₁₈O, वस्तुमान १५४. तृतीयक अल्कोहोल आहे. म्हणजे ज्या कार्बनवर OH आहे त्याच्यावर आणखी तीन कार्बन लागलेले आहेत.

क्रोमॅटोग्राममध्ये लिमोनीननंतर थोड्या वेळाने एक लहान पीक येतं. त्याचा स्पेक्ट्रम काढला तर उजवीकडे १३६ वर एक छोटं पीक, मग १२१, ९३, ८०, ७१, ६९, ५५, ४३, ४१. "१३६ दिसतंय, ९३ आहे, १२१ पण आहे, म्हणजे हाही लिमोनीनसारखाच C₁₀H₁₆" असं म्हणून पुढे जावंसं वाटतं. १५४ वर नीट पाहिलं तरी जवळपास काही नसतं.

तृतीयक अल्कोहोलचा मॉलिक्युलर आयन तयार होताच फुटतो. एक तर पाणी जातं, १५४ मधून १८ गेले की १३६. नाही तर OH च्या शेजारचा कार्बन-कार्बन बंध तुटतो. १३६ आणि १२१ मध्ये १५ चाच फरक असल्यामुळे वर सांगितलेला ५ ते १३ चा नियमही इथे वाचवत नाही.

वाचवतो तो ७१, आणि लिनालूलमध्ये तोच बेस पीक असतो. नुसत्या कार्बन-हायड्रोजनमधून ७१ बनवायचा तर C₅H₁₁ हा एकच मार्ग. पण C₁₀H₁₆ मधून C₅H₁₁ बाहेर काढायचं म्हणजे उरलेल्या पाच कार्बनांना पाचच हायड्रोजन राहतात. इतके हायड्रोजन एका बाजूला ओढले जाणं पटत नाही, आणि तेही बेस पीक व्हावं इतकं? मग दुसरा पर्याय बघा: C₄H₇O, ४८ अधिक ७ अधिक १६, म्हणजे ७१. लिनालूलमध्ये OH असलेला कार्बन, त्यावरचा मिथाइल आणि दोन कार्बनांचा व्हिनाइल गट एवढा भाग सुटा झाला की नेमका हाच आयन मिळतो. ऑक्सिजन आपली जोडी देऊन प्रभार सांभाळतो, म्हणून तो टिकतो आणि उंच होतो.

थोडक्यात, १३६ हा मॉलिक्युलर आयन आहे की त्याचा पाणी गमावलेला तुकडा, हे खालची पिकंच सांगतात. सर्वात वरच्या पिकातून खालची सगळी मोठी पिकं समजावता आली पाहिजेत. एक जरी अडलं, तरी वर काहीतरी दिसायचं राहिलंय असं समजा.

मिथेनने होणारं सौम्य रासायनिक आयनीभवन वापरून खात्री करू, असं कोणी म्हणेल. लिमोनीनसाठी ते चालतं, १३७ वर प्रोटॉन जोडलेला रेणू दिसतो. लिनालूलमध्ये मात्र प्रोटॉन जोडला की पाणी निघून जातं आणि पीक पुन्हा १३७ वरच उभं राहतं. सौम्य पद्धत म्हटली म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

सम-विषमचा नायट्रोजनचा नियम इथे लागतो का?

लागतो. नायट्रोजन नसेल किंवा सम संख्येने असेल तर मॉलिक्युलर आयन सम, विषम संख्येने असेल तर विषम. मँडरीन जातीच्या काही तेलांत मिथाइल एन-मिथाइलअँथ्रॅनिलेट नावाचं संयुग असतं, C₉H₁₁NO₂. त्याचा मॉलिक्युलर आयन १६५ वर येतो आणि ठळक असतो, कारण सुगंधी कडं प्रभार सांभाळून घेतं. तेलात १६५ दिसला आणि तो खरोखर मॉलिक्युलर आयन असेल, तर नायट्रोजन आहे. हा नियम तुकड्यांना मात्र तसाच लावू नका. लिमोनीनचा ९३ विषम आहे आणि त्यात नायट्रोजनचा मागमूस नाही. ॲनिलीनचा मॉलिक्युलर आयनही ९३ वरच येतो.

लायब्ररीने ९३० गुण देऊन लिमोनीन सांगितलं. काम झालं का?

नाही. यादीत खाली बघा. अल्फा-पायनीन, मिर्सीन, बीटा-फेलँड्रीन, सगळे C₁₀H₁₆, सगळ्यांचा मॉलिक्युलर आयन १३६, आणि तिघांचाही बेस पीक ९३. लिमोनीनमध्ये ६८ उंच असतो हा त्याचा वेगळेपणा आहे, पण पीक कमकुवत असेल किंवा मागची गर्दी वजा केली नसेल तर गुणांमधला फरक फार उरत नाही.

म्हणून धारणांक काढा. साध्या अल्केनांचं मिश्रण त्याच कार्यक्रमाने चालवायचं आणि त्यांच्यामध्ये आपलं पीक कुठे बसतं ते मोजायचं. ५ टक्के फिनाइलच्या कॉलमवर अल्फा-पायनीन साधारण ९३७ ला, मिर्सीन ९९० च्या आसपास, लिमोनीन १०३० ला आणि लिनालूल ११०० ला येतो. स्पेक्ट्रम आणि धारणांक दोन्ही जुळले तर नाव लिहा. एकच जुळला तर "टर्पीन, C₁₀H₁₆" एवढंच लिहिणं प्रामाणिकपणाचं आहे.

माझ्या स्पेक्ट्रममध्ये ९३ हा ६८ पेक्षा उंच आला. यंत्र बिघडलं का?

बहुतेक वेळा नाही. तीन शक्यता आहेत आणि त्या याच क्रमाने तपासाव्यात.

पहिली, नमुना जास्त झाला. शोधक ठरावीक मर्यादेपर्यंतच मोजतो. ६८ त्या मर्यादेला जाऊन थांबतो, ९३ मात्र वाढत राहतो आणि त्याला गाठतो. क्रोमॅटोग्राममध्ये पिकाचा माथा सपाट किंवा पुढे झुकलेला दिसतो. सोबत १३७ ही ११ टक्क्यांपेक्षा बराच वर जातो, कारण गर्दीत आयन आणि रेणू एकमेकांवर आदळून प्रोटॉन देवाणघेवाण करतात. द्रावण दहापट पातळ करून पुन्हा टोचा. ६८ पुन्हा ९३ पेक्षा उंच झाला तर कारण सापडलं. संत्र्याच्या तेलात हीच शक्यता सर्वात जास्त, कारण लिमोनीन इतर सगळ्यांच्या मानाने प्रचंड असतं आणि आपण लहान पिकं दिसावीत म्हणून तेल जास्त घेतो. दोन वेगवेगळी इंजेक्शन करा, एक पातळ आणि एक घट्ट.

दुसरी, बीटा-फेलँड्रीन लिमोनीनसोबतच बाहेर पडतोय. या कॉलमवर दोघांचे धारणांक जवळपास सारखे आहेत. सॉफ्टवेअरमध्ये फक्त ६८ चा आणि फक्त ९३ चा आलेख एकावर एक काढा. दोन्हींचा माथा एकाच स्कॅनवर आला तर एकच संयुग. ९३ चा माथा जरासा बाजूला सरकला असेल, तर दोन आहेत.

तिसरी शक्यता लोक विसरतात. चतुर्ध्रुवी गाळणी सगळे आकडे एकाच क्षणी मोजत नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. तेवढ्या वेळात कॉलममधून येणारं प्रमाण बदलत असतं. पिकाच्या चढावर घेतलेल्या स्कॅनमध्ये नंतर मोजलेले आकडे फुगतात आणि उतारावर तेच खाली बसतात. एकाच पिकाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे स्पेक्ट्रम शेजारी ठेवा, फरक डोळ्यांनी दिसेल. उपाय सोपा आहे: माथ्याच्या दोन्ही बाजूंच्या स्कॅनची सरासरी घ्या आणि पायथ्याची पार्श्वभूमी वजा करा.

हे तिन्ही नसेल तर ट्यून बघा. कॅलिब्रेशनच्या परफ्लोरोट्रायब्युटिलअमाइनमध्ये ६९, २१९ आणि ५०२ ही पिकं पाहतात. ५०२ मागच्या ट्यूनपेक्षा खूप खाली आला असेल तर आयन स्रोत मळला असण्याची शक्यता मोठी. स्रोताचं तापमानही नोंदवा. ते वाढवलं की रेणूंकडे आधीच जास्त ऊर्जा असते, तुकडे वाढतात आणि १३६ खाली बसतो. दोन प्रयोगशाळांत लिमोनीनचा १३६ सारख्या उंचीचा येत नाही, त्यामागे बहुधा असंच काहीतरी असतं.

२८, ३२, १४९, २०७ ही पिकं कुठून आली?

तेलातून नाही. १८, २८, ३२ म्हणजे पाणी, नायट्रोजन, ऑक्सिजन. २८ हा ३२ च्या साधारण चौपट असेल तर हवा शिरतेय, नट तपासा. आपण ३५ पासून स्कॅन करतो म्हणून एरवी ही दिसत नाहीत, त्यामुळे गळती शोधायला स्कॅन १० पासून लावा. २०७ आणि २८१ हे कॉलमचं किंवा सेप्टमचं सिलोक्सेन, तापमान चढलं की वाढतं. १४९ म्हणजे प्लॅस्टिकमधलं थॅलेट. तेल प्लॅस्टिकच्या कुपीत ठेवलं असेल तर हा येणारच, कारण लिमोनीन स्वतः चांगला द्रावक आहे. काचेची कुपी वापरा.

उजवं आणि डावं लिमोनीन यातून ओळखता येतं का?

नाही. आरशातल्या दोन रूपांचा स्पेक्ट्रम सारखाच असतो. त्यासाठी किरल कॉलम लागतो. संत्र्यात उजवं असतं हे आपल्याला माहीत आहे, स्पेक्ट्रमने सांगितलेलं नाही.

बेस पीक जितकं उंच, तितकं संयुग जास्त, असं म्हणता येईल का?

एका स्पेक्ट्रमच्या आत नाही. तिथे बेस पीक नेहमी १०० च असतं, तेल थेंबभर असो की नॅनोग्रॅमभर. प्रमाण काढायचं तर क्रोमॅटोग्राममधलं पिकाखालचं क्षेत्रफळ घ्या आणि ज्ञात प्रमाणाच्या शुद्ध लिमोनीनशी ताडून बघा. बाकी संयुगांमधून वेगळं काढून मोजायचं असेल तर ६८ चा आलेख सोयीचा पडतो, पण मग प्रमाणित द्रावणही ६८ वरच मोजा.

अहवालात काय लिहायचं?

आयनीभवनाची ऊर्जा, स्रोताचं तापमान, स्कॅनची मर्यादा आणि कॉलम. मग पिकं, कंसात सापेक्ष उंची, आणि प्रत्येक मोठ्या पिकाचं कारण. लिमोनीनसाठी साधारण असं:

```
m/z 136 (20)   M
m/z 121 (20)   M − CH3
m/z 107 (20)   M − C2H5
m/z  93 (70)   M − C3H7
m/z  68 (100)  M − C5H8
```

उंचीचे आकडे तुमच्या यंत्राचे लिहा, हे उतरवू नका. तुमच्याकडे १३६ पंधरा आला असेल तर पंधराच लिहा. त्यासोबत १३७ आणि १३६ चं गुणोत्तर आणि धारणांक द्या. ज्या पिकाचं कारण सापडलं नाही ते गाळू नका, आकडा लिहून पुढची जागा कोरी ठेवा.